वाक्याचं झाड : मुलं वाक्य कुठे तोडतात आणि कुठे तोडायला हवं



आज वाक्याच्या झाडाबद्दल लिहिते आहे. साधं वाक्य घ्यायचं, त्याच्या दोन फांद्या करायच्या, एक नामाची आणि एक क्रियापदाची, आणि मग प्रत्येक फांदी शब्दापर्यंत उलगडत न्यायची. डी.एड.ला आपण सगळ्यांनी वाक्यपृथक्करण केलेलं आहे. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधेयविस्तार, क्रियापद असे रकाने आखायचे आणि शब्द त्यात भरायचे. झाड हे त्याचंच भावंड आहे. फरक एवढाच की रकान्यात शब्द शेजारी शेजारी बसतात आणि झाडात कोण कोणाच्या पोटात आहे ते दिसतं. चौथीच्या वर्गाला याचा काय उपयोग, असं कोणी विचारेल. माझ्या वर्गात तो वाचनाला झाला, म्हणून सविस्तर सांगते.

आधी एक छोटं वाक्य घेऊ.

छोट्या मुलीने लाल फुगा फोडला.

पाच शब्द आहेत. मुलांना मी विचारते, "हे वाक्य एकदाच तोडायचं असेल तर कुठे तोडाल?" काही जण 'लाल'नंतर तोडतात, कारण तिथे अर्धं अर्धं झाल्यासारखं वाटतं. मग मी पहिला तुकडा मोठ्याने वाचायला लावते : "छोट्या मुलीने लाल". वर्ग हसतो. लाल काय, ते कळतच नाही. कोणीतरी म्हणतं, "मॅडम, 'मुलीने'च्या पुढे तोडा." तिथे तोडलं की दोन्ही तुकडे कानाला पूर्ण वाटतात. पहिला तुकडा नामगट, दुसरा क्रियागट. भाषाविज्ञानाच्या पुस्तकात यांना नामपदबंध आणि क्रियापदबंध म्हणतात, पण चौथीला 'गट' हा शब्द पुरतो. तो त्यांना रोजचा असतो.

आता क्रियागटाच्या आत आणखी एक नामगट आहे : 'लाल फुगा'. म्हणजे झाड असं होतं. टाइप करताना ते आडवं पडलं आहे. फळ्यावर मूळ वर आणि फांद्या खाली काढायच्या.

```
वाक्य
├── नामगट
│   ├── विशेषण : छोट्या
│   └── नाम : मुलीने
└── क्रियागट
    ├── नामगट
    │   ├── विशेषण : लाल
    │   └── नाम : फुगा
    └── क्रियापद : फोडला
```

"मॅडम, झाड उलटं का?" हा प्रश्न दरवर्षी येतोच. घरातली वंशावळ आठवा, असं मी सांगते. पणजोबा वर, खाली आजोबा आणि त्यांचे भाऊ, मग त्यांची मुलं. 'लाल' आणि 'फुगा' ही सख्खी भावंडं, एकाच फांदीची. 'मुलीने' आणि 'लाल' शेजारी उभे असले तरी त्यांचं नातं पार वरून, वाक्य या मुळाकडून येतं. रांगेतला शेजारी आणि घरातला भाऊ यांतला फरक मुलांना लगेच कळतो.

असं वाक्य दोन फांद्यांत मांडण्याची पद्धत अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या 1957 साली आलेल्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या पुस्तकामुळे सगळीकडे पसरली. वाक्याचे आधी मोठे घटक करायचे आणि मग त्यांचे लहान घटक, हा विचार त्याआधी लिओनार्ड ब्लूमफिल्ड यांनी 1933 च्या 'लँग्वेज' या पुस्तकात मांडला होता. ही उदाहरणं इंग्रजीची. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि कर्म नंतर. मराठीत कर्म आधी आणि क्रियापद शेवटी. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातलं झाड जसंच्या तसं उतरवलं तर क्रियागटाच्या आतल्या दोन फांद्यांची जागा चुकते. मराठीत क्रियापद क्रियागटाच्या उजव्या टोकाला काढायचं, हे पक्कं लक्षात ठेवायचं.

आता खरा प्रश्न. गट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवायचं कसं? नुसतं "कानाला बरं वाटतं" म्हणून भागत नाही. मी तीन कसोट्या वापरते.

पहिली अदलाबदलीची. जो तुकडा एका सर्वनामाने बदलता येतो तो गट. 'छोट्या मुलीने' काढून 'तिने' ठेवा : तिने लाल फुगा फोडला. 'लाल फुगा' काढून 'तो' ठेवा : तिने तो फोडला. वाक्य टिकलं. आता नुसतं 'मुलीने' काढून तिथे 'तिने' ठेवून पाहा : 'छोट्या तिने लाल फुगा फोडला'. चालत नाही. म्हणजे सर्वनाम हे नामाच्या जागी येतं असं आपण पाठ करून घेतो, पण प्रत्यक्षात ते अख्ख्या नामगटाच्या जागी येतं. हे मला स्वतःला शिकवता शिकवताच नीट उमगलं.

दुसरी हलवण्याची. गट हलतो तेव्हा सगळा मिळून हलतो. 'लाल फुगा छोट्या मुलीने फोडला' असं म्हणता येतं. 'लाल छोट्या मुलीने फुगा फोडला' असं कोणी म्हणत नाही.

तिसरी प्रश्नाची. 'कोणी?' याचं उत्तर पहिला गट. 'काय केलं?' याचं उत्तर दुसरा गट, पूर्ण : लाल फुगा फोडला.

याच्याखेरीज मराठीने स्वतःच एक खूण ठेवली आहे. 'छोटी मुलगी' या गटाला 'ने' लावला की 'छोट्या मुलीने' होतं. प्रत्यय चिकटला फक्त मुलीला, पण रूप बदललं 'छोटी'चंही. प्रत्यय गटाच्या शेवटी लागतो आणि त्याचा परिणाम आत मागेपर्यंत पोचतो. 'लाल' सारखी विशेषणं मात्र बदलत नाहीत, म्हणून सुरुवातीला छोटा, मोठा, काळा, गोरा अशी बदलणारी विशेषणं घ्यावीत. गट डोळ्यांना दिसतो.

इथे एका मुलाने मला अडवलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, फुगा 'फोडला'शीच का जोडायचा? 'छोट्या मुलीने फोडला' असा गट करून फुगा वेगळा ठेवला तर?" प्रश्न बरोबर आहे. तीन नग आहेत : करणारी, फुगा आणि फोडणं. दोनांची जोडी आधी लावायची तर कोणती? त्याने पुराव्याला प्रश्नही दिला : "लाल फुग्याचं काय झालं?" उत्तर : "छोट्या मुलीने फोडला."

मी त्याला दोन गोष्टी दाखवल्या. एक, त्याच्या उत्तरात 'तो' हा शब्द गाळलेला आहे. 'छोट्या मुलीने तो फोडला' हे पूर्ण वाक्यच आहे, गट नाही. उलट 'मुलानेही तेच केलं' या वाक्यात 'तेच केलं' हे 'लाल फुगा फोडला' या जोडीच्या जागी येतं. आपल्याकडे कर्म आणि क्रियापद मिळून बदलायची सोय आहे. दुसरी गोष्ट वाक्प्रचारांची. नाक मुरडणे, पाठ फिरवणे, कंबर कसणे. या सगळ्यांत कर्म आणि क्रियापद पक्कं बांधलेलं आहे आणि करणारा मोकळा आहे. काकूने नाक मुरडलं, मांजरीने नाक मुरडलं, कोणीही मुरडू शकतं. करणारा आणि क्रियापद पक्कं, पण कर्म वाटेल ते, असा वाक्प्रचार आम्ही सगळ्यांनी मिळून शोधला. तासभरात एकही सापडला नाही. कोणाला आठवला तर जरूर कळवा.

दुसरी अडचण शिक्षकांनाही येते. 'मुलीने फुगा फोडला, मुलीने पाटी फोडली, मुलीने मडकं फोडलं.' क्रियापद कोणाप्रमाणे बदललं? फुगा, पाटी आणि मडकं यांच्याप्रमाणे. हा कर्मणी प्रयोग. मग काही मुलं म्हणतात की क्रियापद ज्याचं ऐकतं तो उद्देश्य, म्हणून पहिली फांदी फुग्याची. इथे झाड आणि प्रयोग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. 'छोटी मुलगी लाल फुगा फोडते' असं केलं तर क्रियापद मुलीचं ऐकू लागतं, पण गट तेच राहतात. 'काय करते?' याचं उत्तर अजूनही 'लाल फुगा फोडते' हेच आहे. म्हणून मी गट पांढऱ्या खडूने काढते आणि क्रियापद कोणाचं ऐकतं तो बाण रंगीत खडूने. एका वाक्यात बाण फुग्याकडून येतो, दुसऱ्यात मुलीकडून. पांढरं झाड दोन्हीकडे एकच.

आता मी हे सगळं चौथीला का करू लागले ते सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर सुंदर, जोडाक्षरं न अडखळता वाचायची. पण उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं चुकायची. तिचे वडील शाळेत आले आणि तिच्यासमोरच म्हणाले, "वाचते सगळं, पण डोक्यात काही शिरत नाही हिच्या. पुढे शिकवून उपयोग होईल का, मॅडम?" मुलगी खाली मान घालून उभी. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. पण दहा वर्षांच्या मुलीबद्दल घरात एकदा असं ठरलं की ते ठरूनच जातं.

ती कुठे अडते हे बघायला मी तिला एक वाक्य वाचायला दिलं :

गावाबाहेरच्या विहिरीजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्या कुंभाराने आपल्या नातीला मातीची छोटी बैलगाडी दिली.

तिने अकरा शब्द अकरा ठिकाणी थांबून वाचले. प्रत्येक थांबा सारखाच. "कोणी दिली?" तर म्हणाली, "विहिरीजवळ." "कोणाला?" तर गप्प. शब्दाचा अर्थ विचारला तर एकूण एक सांगितला. म्हणजे शब्द माहीत होते, गट कुठे संपतो ते माहीत नव्हतं.

इथे मराठीची रचना समजून घ्यायला हवी. आपल्या नामगटात मुख्य नाम सगळ्यात शेवटी येतं. कोण दिलं हे 'कुंभाराने' या पाचव्या शब्दाला कळतं. आधीचे चार शब्द नुसते हातात धरून ठेवायचे असतात, कोणासाठी ते माहीत नसताना. जे मूल प्रत्येक शब्दाला पूर्णविरामासारखं थांबतं, त्याच्या हातातून पहिले शब्द निसटून जातात. त्यातच 'विहिरी' हेही नाम, आणि ते आधी येतं. पहिलं भेटलेलं नाम मुलं धरून ठेवतात. तिचं उत्तर चुकीचं होतं, पण त्याला कारण होतं.

मग आम्ही कागदाच्या पट्ट्या केल्या, एका पट्टीवर एक शब्द. मी तिला सांगितलं की नियम एकच : ज्या पट्ट्या काढून एका छोट्या शब्दाची पट्टी ठेवता येईल, त्या एकत्र टाचायच्या. तिने पहिल्यांदा फक्त 'म्हाताऱ्या कुंभाराने' उचललं आणि 'त्याने' ठेवलं. वाचून बघितलं : 'गावाबाहेरच्या विहिरीजवळ राहणाऱ्या त्याने'. थांबली. "मॅडम, हे आणखी मागं जातंय." मग पाचही पट्ट्या उचलल्या. 'त्याने आपल्या नातीला मातीची छोटी बैलगाडी दिली.' मग 'आपल्या नातीला' काढून 'तिला'. मग 'मातीची छोटी बैलगाडी' काढून 'ती'. टेबलावर राहिलं :

त्याने तिला ती दिली.

अकरा शब्दांचं वाक्य चार शब्दांचं झालं. आता कोणी दिली, कोणाला, काय, हे विचारल्यावर तिने टाचलेला गठ्ठा उचलून दाखवला आणि उलगडून वाचला. झाड काढणं म्हणजे हेच, फक्त खालून वर. टाचलेला प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक फांदी. त्यानंतर आम्ही फळ्यावर रेघा काढल्या. 'त्याने' डावीकडे, आणि 'तिला ती दिली' हा उजवीकडचा क्रियागट, कारण 'काय केलं?' याचं उत्तर तेवढंच आहे.

पुढे दोन महिने ती धड्यातल्या वाक्यात गट संपेल तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारायची आणि रेघेपर्यंत एका दमात वाचायची. नामगट कुठे संपतो हे ओळखायला तिने स्वतःच एक खूण शोधली : 'ने', 'ला', 'ना' असा शेपूट दिसला की बहुतेक गट संपतो. 'बहुतेक' हे खरं आहे. 'बैलगाडी'ला शेपूट नाही, तिथे सर्वनामाची कसोटीच लावावी लागते. मार्चपर्यंत रेघा कमी झाल्या. ती वर्गात पहिली वगैरे आली नाही. पण उताऱ्याचे प्रश्न सोडवू लागली, आणि वडिलांना मी ते चार शब्दांचं वाक्य आणि पट्ट्यांचा गठ्ठा दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे तिला कळत होतं, सुटत होतं." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

झाडाचा आणखी एक उपयोग पाचवीकडे जाणाऱ्या मुलांना फार आवडतो. हे वाक्य बघा :

मॅडमनी हसत पळणाऱ्या मुलाला थांबवलं.

हसत कोण होतं? अर्धा वर्ग म्हणतो मॅडम, अर्धा म्हणतो मुलगा. दोघंही बरोबर. शब्द तेच, क्रमही तोच, पण झाडं दोन आहेत. 'हसत' ही फांदी 'पळणाऱ्या मुलाला' या नामगटाच्या आत जोडली तर मुलगा हसतोय. ती बाहेर, सरळ क्रियागटाला जोडली तर मॅडम हसतायत. कसोटी लावा : 'मॅडमनी त्याला थांबवलं' असं झालं तर 'हसत' गटात होता, आणि 'मॅडमनी हसत त्याला थांबवलं' असं झालं तर बाहेर होता. मोठ्याने वाचतानाही थांबा बदलतो. पहिल्या अर्थाला आपण 'मॅडमनी'नंतर थांबतो, दुसऱ्याला 'हसत'नंतर. मुलांना मग स्वल्पविराम कशाला असतो हे वेगळं सांगावं लागत नाही. ती आपणहून 'हसत'पुढे तो देतात.

झाड कुठे अपुरं पडतं तेही सांगायला हवं. आपण बोलताना शब्दांचा क्रम मोकळेपणाने बदलतो. 'लाल फुगा छोट्या मुलीने फोडला' या वाक्यात क्रियागटाचे दोन तुकडे होतात आणि मध्ये 'छोट्या मुलीने' येऊन बसतं. झाड काढायला गेलं तर रेघा एकमेकींना छेदतात. मुलांच्या वहीत रेघा छेदल्या की समजायचं, क्रम हललेला आहे. अशा वेळी वाक्य आधी साध्या क्रमाने लिहून घ्यायचं, मग झाड काढायचं. दुसरी अडचण गाळलेल्या शब्दांची. 'शाळेत गेलो' यात पहिली फांदी रिकामी दिसते. तिथे कंसात 'मी' लिहायचं, कारण 'गेलो' या रूपातच तो 'मी' आहे. 'हा माझा भाऊ' यात क्रियापदच नाही, तिथे कंसात 'आहे' लिहायचं. प्राथमिकला याच्या पुढे जाऊ नये. संयुक्त आणि मिश्र वाक्यांची झाडं एवढी पसरतात की मुलं रेघांतच हरवतात आणि वाक्य बाजूला राहतं.

वर्गात करायचं असेल तर एका तासाला तीनच वाक्यं घ्या. पहिलं पाच शब्दांचं, दुसरं त्याच वाक्याचा पहिला गट वाढवून, तिसरं दुसरा गट वाढवून. 'छोट्या मुलीने'चं 'शेजारच्या काकूंच्या छोट्या मुलीने' झालं की डावी फांदी खाली वाढते आणि उजवी जशीच्या तशी राहते, हे मुलांना स्वतः बघू दे. व्याख्या शेवटी लिहून दिली तरी चालते.

पालकांसाठी एवढंच. घरी मूल वाचत असताना झाड काढायची गरज नाही. वाक्य संपलं की दोनच प्रश्न विचारा : "कोण?" आणि "काय केलं?" उत्तर एका शब्दात आलं तर "कुठला कुंभार?" असं विचारून पूर्ण गट बोलायला लावा. मूल अडलं तर शब्दाचा अर्थ सांगण्याआधी ते वाक्य कुठे तोडतंय ते कान देऊन ऐका. बऱ्याचदा अडचण तिथेच सापडते.